तळीच्या पलीकडच्या टोकापर्यंत झोत पोचत नाही, पाइपचं तोंड बारीक करू की जाड?

कुळागरवाला
नमस्कार मंडळी. सत्तरीत आमचं कुळागर आहे. पोफळींच्या मधोमध चिऱ्यांची जुनी तळी आहे, बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, सध्या पाणी सुमारे १.८ मीटर. त्यात रोहू-कटला सोडलेत. एका टोकाला दीड एचपीचा मोनोब्लॉक आहे. तो तळीतलंच पाणी उचलतो, जुन्या फिल्टरातून आणि लांबलचक पाइपातून फिरवतो आणि त्याच टोकाला पाण्याखाली, मधल्या खोलीवर, ४० मिमीच्या तोंडातून आडवं सोडतो. तोंडासमोर हात धरला तर हात मागे ढकलला जातो. पण अर्ध्या तळीपलीकडे पाणी ढिम्म हलत नाही. पलीकडच्या कोपऱ्यात पानं कुजतात, वास येतो.

प्लंबर म्हणतो तोंड बारीक कर, जोर वाढेल. भाऊ म्हणतो बारीक केलंस तर पाणीच कमी येईल, उलट जाड कर. दोघांनाही विचारलं 'का?', तर दोघंही म्हणाले 'अनुभव'. इथे कुणी नीट सांगेल का?

पेडणेकर_तिठा
जेट म्हणजे मला आधी वाटलं बागा बीचवरची जेट स्की. दोन मासे मागे बसवून कोपऱ्यात सोडून ये म्हणणार होतो.

सोपं_गणित
यात 'अनुभव' कशाला हवा? बॅटरीच्या प्रकाशासारखंच आहे हे. झोत शंकूसारखा पसरतो. अंतर दुप्पट झालं की तोच झोत चौपट क्षेत्रफळावर पसरतो. पाणी तेवढंच, क्षेत्रफळ चौपट, म्हणजे वेग एक चतुर्थांश. आठ मीटरवर काय उरणार? पंप चौपट करा नाहीतर नाद सोडा.

नळजोड
मी हेच काम करतो, बागेतली कारंजी, हॉटेलांचे पूल. तोंड बारीक केलं की पाणी सरळ सुटतं, पसरत नाही, म्हणून लांब जातं. जाड तोंडाचं पाणी लगेच फाकतं. यात वादाला जागा नाही.

जुना_हायड्रॉलिक्स
वादाला जागा आहे, आणि ती चांगली ऐसपैस आहे.

आधी सोपं_गणित यांचं. शंकू बरोबर. 'पाणी तेवढंच' हे चूक. प्रकाश जाताना वाटेतली हवा सोबत ओढत नाही. पाण्याचा झोत ओढतो. त्याच्या कडेला भोवरे तयार होतात आणि ते आजूबाजूचं स्थिर पाणी आत खेचून घेतात. झोत पुढे जातो तसा तो जाड होतो तो याच पाण्यामुळे. रिकू आणि स्पाल्डिंग यांनी हे १९६१ साली फार हुशारीने मोजलं. झोताभोवती सच्छिद्र भिंतीची नळी ठेवली आणि बाहेरून तिच्यात हवा सोडत गेले. आतला दाब सगळीकडे सारखा झाला की समजायचं, झोताला जेवढी हवा ओढायची होती तेवढी बरोबर मिळाली. सोडलेली हवा मोजली की ओढलेली कळली. त्यांचा आकडा असा: तोंडाच्या व्यासाच्या जितके पट तुम्ही पुढे जाल, त्याच्या ०.३२ पट झोतातलं पाणी होतं. ४० मिमीचं तोंड आणि ४ मीटर अंतर, म्हणजे शंभर व्यास. तिथे मूळच्या बत्तीस पट पाणी वाहत असतं.

मग कायम काय राहतं? संवेग. पाण्याला मागे खेचणारी भिंत जवळ नाही, दाब सगळीकडे जवळजवळ सारखा, आणि आत ओढलेलं पाणी आधी स्थिर असल्यामुळे स्वतःचा पुढे जाण्याचा संवेग काही आणत नाही. त्यामुळे तोंडातून दर सेकंदाला जेवढा संवेग निघाला, तेवढाच चार मीटरवरच्या कापातून जातो, फक्त आता तो खूप जास्त पाण्यात वाटलेला असतो.

आता हिशेब दोन ओळींचा आहे. कापातून जाणारा संवेग म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढतं. म्हणजे वेग गुणिले रुंदी कायम. रुंदी अंतराच्या प्रमाणात वाढते, म्हणून मधल्या रेषेवरचा वेग अंतराच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा होतो, एक चतुर्थांश नव्हे.

सोपं_गणित
पण मग ऊर्जा? ती कुठे गेली? ऊर्जा नष्ट होत नाही असं शाळेत शिकलोय.

जुना_हायड्रॉलिक्स
भोवऱ्यांत जाते आणि शेवटी पाणी नखभर गरम करते. झोताची सरासरी गतिज ऊर्जा अंतराच्या प्रमाणात घटते. ऊर्जा कायम धरून वेग काढलात तर उत्तर चुकतं, प्रवाह कायम धरून काढलात तरी चुकतं. मोकळ्या झोतात संवेगच धरायचा.

नळजोड
ते ठीक आहे, पण माझा मुद्दा राहिला. बारीक तोंडाचं पाणी कमी फाकतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जुना_हायड्रॉलिक्स
नळजोड, तुम्ही बघितलंय ते हवेत उडणारं कारंजं. पाणी हवेपेक्षा आठशे पट जड, त्यामुळे पाण्याची धार हवेला फारशी दाद देत नाही. पाण्यात पाणी सोडलं की गोष्ट वेगळी. झोत एकदा खवळला की फाकण्याचा कोन तोंडावर किंवा वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो. पूर्ण शंकू सुमारे २४ अंशांचा, म्हणजे दर मीटर अंतराला कड वीसेक सेंटिमीटर बाहेर सरकते. वेग जिथे मधल्या रेषेच्या निम्मा होतो त्या वर्तुळाची त्रिज्या दर मीटरला दहा सेंटिमीटरने वाढते. तुम्ही २० मिमीचं तोंड लावा नाहीतर १०० मिमीचं, कोन तोच.

अगदी तोंडाजवळ मात्र पाच-सहा व्यासांपर्यंत मधला वेग कमीच होत नाही, कारण भोवरे अजून मध्यापर्यंत पोचलेले नसतात. ४० मिमीला म्हणजे फूटभराच्या आतच. हात तिथे धरला जातो, म्हणून जोर वाटतो.

डिचोलीची_बाय
वाचत्येय. मास्तर, तो कोन आणि संवेग घेऊन वेगाचा आकडा काढता येतो का? की प्रयोगशाळेतच जावं लागतं?

जुना_हायड्रॉलिक्स
काढता येतो की. झोताच्या कापात वेग मध्यावर जास्त आणि कडेला घंटेच्या आकारात उतरणारा असतो. त्या घंटेची रुंदी वर दिलेली दहा सेंटिमीटर धरा, कापातला सगळा संवेग बेरजेने काढा आणि तो तोंडातल्या संवेगाइतका ठेवा. उत्तर येतं:

`Uc = 5.9 × U0 × d / x`

`U0` तोंडातला वेग, `d` तोंडाचा व्यास, `x` अंतर. मोजलेल्या झोतांत हा गुणांक साधारण ५.८ ते ६.१ च्या दरम्यान मिळतो. मी सहा धरतो, कुळागरात दशांश चिन्हं मोजायची नसतात.

कुळागरवाला, पंप सेकंदाला किती पाणी देतो? पाइप पाण्याबाहेर काढून बादली भरा.

कुळागरवाला
पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरली.

जुना_हायड्रॉलिक्स
म्हणजे सेकंदाला ३ लिटर. ४० मिमीच्या तोंडात वेग सुमारे २.४ मीटर प्रति सेकंद. वेग गुणिले व्यास ०.०९५. साडेचार मीटरवर मधला वेग `6 × 0.095 / 4.5`, म्हणजे सेकंदाला १२-१३ सेंटिमीटर. सोपं_गणित यांच्या पद्धतीने, ३ लिटर पाणी त्या शंकूच्या सगळ्या कापावर वाटलं तर सेकंदाला एक-दोन मिलिमीटर आलं असतं. फरक शंभर पटीच्या आसपास आहे.

सोपं_गणित
कागदावर ठीक. तळीत वेगमापक कोण लावणार? हे खरं कशावरून?

जुना_हायड्रॉलिक्स
वेगमापक नको, घड्याळ पुरे. वेग अंतराच्या प्रमाणात घटत असेल तर तिथपर्यंत जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. २ मीटरला जेवढा वेळ, ४ मीटरला त्याच्या चौपट. तुमचा नियम खरा असेल तर वेळ घनाने वाढेल, म्हणजे आठपट. पंप चालू ठेवून तोंडापाशी रंग सोडा आणि काठीवर खुणा करून रंगाचं टोक कधी पोचतं ते बघा. रंगाचं टोक मधल्या रेषेपेक्षा मागे राहतं, त्यामुळे सेकंद जास्त भरतील. गुणोत्तर बघायचं.

पोटॅशियम परमँगनेट टाकू नका, माशांना त्रास होईल. खायचा रंग घ्या. आणि वरून लिंबू-बिंबू तरंगवून मोजू नका. ते पृष्ठभागाचा वेग दाखवतं, आणि तोही वाऱ्यासकट.

पेडणेकर_तिठा
चतुर्थीच्या लाडवांचा केशरी रंग आमच्याकडे उरलाय. पाठवू? मासे नंतर आपोआप तंदुरी रंगाचे.

खाजनवाला
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या खाजनात मानस आहे, म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. भरतीला झडप उघडली की नदीचं पाणी जोरात आत घुसतं. पावसाळ्यात ते पाणी गोडं असतं आणि आतलं खारं. ते पाणी मास्तरांच्या शंकूसारखं अजिबात वागत नाही. सुरुवातीला थोडं फाकतं आणि मग वरच्या वर पातळ थरासारखं पसरत जातं. खालचं खारं पाणी तसंच राहतं. मग हा नियम चुकला ना?

जुना_हायड्रॉलिक्स
नियम चुकला नाही, तुमची जागा त्याच्या हद्दीबाहेर आहे. गोडं पाणी हलकं, ते वर उचललं जातं. म्हणजे उभ्या दिशेने बाहेरचं बळ लागलं, आणि थर तयार झाला की वरखाली मिसळणं दबून जातं. शिवाय भरतीला आतलं पाणी स्वतःही वाहत असतं. स्थिर आणि सारख्या घनतेचं पाणी ही अट तुमच्याकडे कुठेच पाळली जात नाही. अगरबत्तीच्या धुराचंही असंच. तो वर जाताना गरमपणामुळे संवेग मिळवत राहतो, म्हणून त्याला झोताचा हिशेब लावायचा नाही.

खाजनवाला
म्हणजे आमच्या बांधाजवळ माती का उकरली जाते त्याचं उत्तर इथे मिळणार नाही. असो, वेगळा धागा काढतो.

कुळागरवाला
रंगाचा प्रयोग केला. केशरीच वापरला, पण पेडणेकरांचा नाही. दोन मीटरच्या खुणेला पाचेक सेकंद, चार मीटरच्या खुणेला एकोणीस-वीस. सहा मीटरला किती ते सांगता येत नाही. तिथे रंग वर पृष्ठभागावर आला आणि इतका विरळ झाला की टोक कुठलं तेच कळेना.

आणि प्लंबरच्या सांगण्यावरून २० मिमीचा रिड्यूसरही लावून बघितला. तीच बादली साडेपाच सेकंदांत भरते. म्हणजे पाणी फारसं कमी झालं नाही! आता प्लंबर मिशीला पीळ देतोय.

नळजोड
सांगितलं होतं.

जुना_हायड्रॉलिक्स
गुणोत्तर चारच्या आसपास. सोपं_गणित, घन गेला.

रिड्यूसरचं बघू. २.७ लिटर, २० मिमी. तोंडातला वेग ८.६ मीटर प्रति सेकंद. वेग गुणिले व्यास ०.१७. साडेचार मीटरवर सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे आधीच्या पावणेदोन पट. नळजोड यांचं उत्तर बरोबर आलं, कारण मात्र 'कमी फाकतं' हे नव्हे. पाणी जवळपास तेवढंच ठेवून तोंड निम्मं केलं, म्हणून वेग जवळपास चौपट झाला आणि वेग गुणिले व्यास जवळपास दुप्पट. लांबच्या पाण्याला तोंड बारीक होतं की जाड हे कळतच नाही. त्याला फक्त हा गुणाकार कळतो.

पण आता भावाची बाजू. झोतात दर सेकंदाला किती ऊर्जा ओतली ते बघा. ४० मिमीला साडेआठ वॉट. २० मिमीला शंभर वॉट. बारापट ऊर्जा खर्चून वेग पावणेदोन पट. आणि तेच शंभर वॉट ४० मिमीच्या तोंडातून टाकता आले असते, तर पाणी सेकंदाला ६.८ लिटर, तोंडात ५.४ मीटर, आणि साडेचार मीटरवर २९ सेंटिमीटर. त्याच ऊर्जेत जास्त.

डिचोलीची_बाय
थांबा. म्हणजे पाणी तेवढंच असेल तर बारीक तोंड चांगलं आणि वीज तेवढीच असेल तर जाड तोंड चांगलं?

जुना_हायड्रॉलिक्स
हो. ऊर्जा कायम ठेवून व्यास दुप्पट केला तर लांबचा वेग सव्वापट होतो, म्हणजे दोनच्या घनमुळाइतका. फार नाही, पण दिशा जाडाच्या बाजूची आहे. म्हणून मोठ्या टाक्या ढवळायला मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावतात, बारीक धार नाही.

प्लंबर आणि भाऊ वेगवेगळ्या गोष्टी कायम धरून भांडत होते, आणि काय धरलंय ते कुणीच बोललं नाही.

सोपं_गणित
दीड एचपी म्हणजे अकराशे वॉट. त्यातले साडेआठ झोतात? बाकीचे कुठे?

जुना_हायड्रॉलिक्स
चांगला प्रश्न. थोडे मोटरीत आणि पंपात, बाकी फिल्टर, एल्बो आणि त्या लांबलचक पाइपातल्या घर्षणात. आणि म्हणूनच रिड्यूसर लावूनही पाणी फारसं कमी झालं नाही. तोंडाशी साडेतीन मीटरचा दाब वाढला, पण पंप आधीच त्याच्या कितीतरी पट दाब वाटेत उधळत होता. ज्याचा पाइप आखूड आणि पंप कमी दाबाचा, त्याने हाच रिड्यूसर लावला तर पाणी निम्म्यावर येईल आणि फायदा शून्य. पाणी निम्मं, व्यास निम्मा, तर गुणाकार होता तेवढाच. नळजोड, हॉटेलात रिड्यूसर लावण्याआधी आणि नंतर बादली भरून बघत जा.

नळजोड
हॉटेलच्या पुलात बादली घेऊन उभा राहिलो तर मॅनेजर हाकलेल. पण मुद्दा घेतला.

फोंडा_मेकॅनिकल
मी अजून शिकतोय, पण एक शंका. पाणी १.८ मीटर खोल आणि तोंड मध्यावर. झोताची कड दर मीटरला २० सेंटिमीटर सरकते म्हणालात. म्हणजे साडेचार मीटरवर कड वर पृष्ठभागाला आणि खाली तळाला लागते. त्यापुढे हा मोकळा झोत राहिलाच कुठे? सगळे आकडे साडेचार मीटरचेच काढलेत, ते मुद्दाम का?

जुना_हायड्रॉलिक्स
मुद्दाम. कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होतो.

त्यापुढे वरून आणि खालून ओढायला पाणीच नाही, फक्त दोन्ही बाजूंनी मिळतं. त्यामुळे झोत चपटा होतो. नुसत्या संवेगाचा हिशेब केला तर त्यापुढे वेग अंतराच्या वर्गमुळाने, म्हणजे आधीपेक्षा सावकाश कमी व्हायला हवा. पण तळाचं घर्षण आता संवेग खातं. आणि त्याहून महत्त्वाचं, तळी बंद आहे. झोताने जे पाणी पुढे नेलं ते बाजूंनी परत यायलाच हवं, आणि ते परतीचं पाणी झोताला उलट दिशेने घासतं. हा घोळ प्रयोगशाळेतही झालाय. १९६९ साली विग्नान्स्की आणि फीडलर यांनी मोजलेल्या झोतात लांबवर संवेग कमी भरत होता. पुढे १९९४ साली हुसैन, कॅप आणि जॉर्ज यांनी मोठ्या जागेत पुन्हा मोजून दाखवलं की आधीची खोली पुरेशी मोठी नव्हती, परतीची हवा संवेग नेत होती. खोलीत ही कथा, तर आठ मीटर रुंदीच्या तळीत काय.

फोंडा_मेकॅनिकल
मग पलीकडच्या टोकाला, बारा मीटरवर, वेग किती?

जुना_हायड्रॉलिक्स
सूत्राने सांगणार नाही. चपट्या झोताने एक उत्तर येतं, परतीचा प्रवाह धरला तर दुसरं, आणि त्यांच्यात दुपटीचा फरक पडू शकतो. शिवाय असा झोत एका भिंतीकडे वळून तिला चिकटतो, मग सगळी तळी गोल फिरायला लागते.

डिचोलीची_बाय
पण ते चांगलंच की! गोल फिरलं तर कोपऱ्यातलं कुजकं पाणीही फिरेल. मग झोत मध्यातून सोडण्याऐवजी मुद्दाम भिंतीलगतच का सोडू नये?

जुना_हायड्रॉलिक्स
ढवळण्यासाठी मीही तेच करीन. भिंतीलगत सोडला तर एका बाजूने पाणी ओढणं बंद, वेग लांबपर्यंत टिकतो, जरी भिंत थोडा संवेग खाते. पण उलट फिरणाऱ्या कोपऱ्यात छोटा साचलेला भोवरा राहू शकतो. तिथे पानं कुजतील की नाही ते मला बसून सांगता येणार नाही.

फोंडा_मेकॅनिकल
मला हे पटत नाही. चिऱ्यांची भिंत खडबडीत असते, सिमेंटचा गिलावा नसेल तर घर्षण बरंच जास्त. मध्यातलाच चांगला निघेल.

पेडणेकर_तिठा
दोन तट पडले. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कुळागरवाला
वाचून काढलं. आधी पाइप आखूड करतो आणि जुना फिल्टर काढतो, तो तसाही चोंदलाय. मग ४० मिमी आणि २० मिमी, दोन्ही तोंडांना पुन्हा बादली भरीन. फोंड्याचा मुलगा आणि मास्तर यांच्यासाठी तोंड एकदा मध्यात आणि एकदा उत्तरेच्या भिंतीलगत ठेवून रंग सोडीन. गिलावा नाही, चिरे उघडेच आहेत, आणि त्यावर बोटभर शेवाळ आहे. शेवाळ खरवडून मोजू की तसंच ठेवून?

जुना_हायड्रॉलिक्स
तसंच ठेवून. रोज तळी खरवडणार आहात का?